निळ्या टिक

पतसंस्थेतल्या अपहाराच्या गुन्ह्यात तिथल्या हिशेबनिसाला दुपारी अटक झाली. त्याच्या बायकोचा मला फोन आला तोवर संध्याकाळ झाली होती. नवऱ्याचा मोबाईल जप्त झालाय हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. सवयीने मी त्याच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप टाकलं : ‘उद्या कोर्टात भेटतो. वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका.’

दुसऱ्या दिवशी रिमांड रिपोर्ट हातात आला. पाच दिवसांची पोलीस कोठडी मागितली होती आणि कारण नेहमीचंच : ‘आरोपी मोबाईलचा पासवर्ड सांगत नाही, तपासात सहकार्य करत नाही.’ हल्ली हे वाक्य आधी टाईप होतं आणि आरोपीचं नाव नंतर भरतात, असा माझा संशय आहे.

सरकारी वकिलांनी कर्नाटक उच्च न्यायालयाचा 2021 चा वीरेंद्र खन्ना प्रकरणातला निकाल काढला. पासवर्ड द्यायला लावणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, असं त्यात म्हटलंय. पण त्याच निकालात फोनच्या झडतीसाठी साधारणपणे कोर्टाचं वॉरंट हवं असंही आहे, तो भाग त्यांनी वाचला नाही. मी तो वाचून दाखवला आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा नंतरचा, जामीन प्रकरणातला आदेश पुढे केला. तो राज्यघटनेच्या कलम 20(3) वर उभा आहे : आरोपीवर पासवर्डसाठी जबरदस्ती करता येत नाही. महाराष्ट्रातल्या कोर्टावर यातला एकही निकाल बंधनकारक नाही. बंधनकारक आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा 1961 चा काथी कालू ओघड निकाल, आणि तो आम्हा दोघांनाही अर्धाच उपयोगी. बोटांचा ठसा घेणं म्हणजे साक्ष नव्हे, असं तो सांगतो. डोक्यात असलेला आकडा सांगायला लावणं वेगळं, हे मला त्यावरून मांडावं लागतं.

युक्तिवाद चालू असताना अशील मागून पुटपुटला, “साहेब, पासवर्ड कशाला? रात्री बोट लावायला सांगितलं, मी लावलं.”

फोन बंद करून चालू केला की पहिल्यांदा पिनच लागतो, बोट चालत नाही. इथे फोन बंदच केला नव्हता. मी माझा मोबाईल काढून कालचा मेसेज पाहिला. टिक निळ्या होत्या. मेसेजवर बोट दाबून ‘इन्फो’ उघडलं, तर वाचल्याची वेळ रात्री 11.42.

पंचनाम्यात मात्र फोन दुपारी 4.35 ला पाकिटात घालून लाखेने सील केलेला. नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे, जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं. ते पोलिसांच्या ई-साक्ष्य अ‍ॅपवर होतं आणि त्यातही पाकीट बंद होताना दिसत होतं.

दंडाधिकाऱ्यांनी तपासी अंमलदारांना विचारलं. ते म्हणाले, “साहेब, फोन चालू असला की मेसेज आपोआप येतात.” ते खरं आहे, पण आपोआप येतो तो करड्या दोन टिकपर्यंत. निळी टिक यायला कुणाचा तरी हात लागावा लागतो. शिवाय करड्या टिकचाही अर्थ एवढाच, की फोन फ्लाइट मोडवर नव्हता. म्हणजे बाहेरून कुणी तो पुसूनही टाकू शकला असता. हा धोका पोलिसांच्याच पुराव्याला होता.

पत्नीने घरच्या लॅपटॉपवर नवऱ्याच्या फोनमधल्याच खात्याचं गूगल ड्राइव्ह उघडून ठेवलं होतं. ‘अलीकडील’ यादीत दोन फायलींपुढे तुम्ही उघडली, अशी आदल्या रात्रीची नोंद होती. एक हिशेबाची, दुसरी मुलीच्या वैद्यकीय तपासण्यांची. जप्त झाला होता फोन. ड्राइव्हमधल्या फायली फोनमध्ये नव्हत्याच, त्या कंपनीच्या सर्व्हरवर. त्या हव्या असतील तर कंपनीला त्याच संहितेच्या कलम 94 ची रीतसर नोटीस द्यायची. बोट लावून आत जाणं म्हणजे घराच्या झडतीत सापडलेल्या किल्लीने बँकेतला लॉकर उघडण्यासारखं.

डेटाचा डिजिटल ठसा असलेल्या हॅश व्हॅल्यूचा दाखला सरकारी वकिलांनी पुढे केला, पण हॅश काढल्यानंतर फरक झाला का एवढंच ती सांगते. फॉरेन्सिक प्रयोगशाळेत जाण्याआधीच्या रात्रीबद्दल ती मुकी असते.

यावरून पुरावा बाद होईल, अशा भ्रमात मी नव्हतो. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा केवळ तेवढ्यासाठी फेकून देत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये पूरणमल प्रकरणात सांगून ठेवलंय. म्हणून मी मर्यादा मागितली. दंडाधिकाऱ्यांनी पतसंस्थेच्या कागदपत्रांसाठी दोन दिवसांची कोठडी दिली, पासवर्डचं कारण नाकारलं. फोन कोर्टासमोर बंद करून नव्याने सील झाला. प्रयोगशाळेने फिर्यादीतल्या कालावधीचाच डेटा काढायचा आणि वकिलाशी झालेलं बोलणं वगळायचं, असा आदेश झाला.

बाहेर पत्नीने विचारलं, “वकीलसाहेब, लॅपटॉपवरून त्या दोन फायली काढून टाकू का?”

“ताई, काहीही डिलीट करू नका. आत्ता गुन्हा एकट्यावर आहे. पुरावा नष्ट केला म्हणून दुसरा तुमच्यावर लागेल.”

तिने लॅपटॉप मिटला. मी ड्राइव्हच्या खात्याचा पासवर्ड बदलण्याची परवानगी मागणारा अर्ज लिहायला बार रूममध्ये गेलो.