स्टेज आणि वरमालांचे फोटो ताडून पाहताना: माझा अनुभव

भाचीच्या लग्नासाठी सोलापुरातल्या तीन डेकोरेटरांना फोटो पाठवायला सांगितलं आणि दोन दिवसांत मोबाइलमध्ये शंभरावर फोटो येऊन पडले. लग्न मे महिन्यातलं, मुहूर्त दुपारी साडेबाराचा, आणि स्टेज आदल्या रात्री लागणार. म्हणजे पारा चाळिशीच्या वर असताना फुलांना १२ ते १४ तास काढायचे. एवढं ध्यानात ठेवून फोटो पाहिले की निम्मे तिथेच गळतात.

पहिली चाळणी सोपी होती: फोटो खरंच त्यांच्या कामाचा आहे का? तिघांपैकी एकाच्या फोटोंत पिओनी आणि हायड्रेंजियाचे गेंद होते. मे महिन्यात सोलापुरात ही फुलं कोण आणून देणार? शिवाय मागचं कार्यालयही ओळखीचं नव्हतं. इथली कार्यालयं तशी मोजकीच, छत आणि खांब पाहून कुठल्या पंगतीला काय जेवलो होतो तेसुद्धा आठवतं. हे फोटो इंटरनेटवरचे, असं धरून ते बाजूला ठेवले.

उरलेल्या दोघांकडे एकाच लग्नाच्या स्टेजचे चार फोटो मागितले: समोरून, बाजूने, रंगीत दिवे बंद असताना, आणि पंगती उठल्यानंतरचा. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितले, कारण व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो लहान होतो आणि पाकळ्यांच्या कडा पुसट होतात. चौथ्या फोटोवर एकाचं उत्तर आलं, “पंगतीनंतर कोण फोटो काढतंय ताई, तवर आम्ही सोडायला घेतो की.” खरं आहे. पण आहेराच्या वेळचे फोटो त्या लग्नघरी असतातच, आणि त्यात माणसांच्या मागे दुपारचं स्टेज आयतं दिसतं. तेच मागवून घेतले.

ताजेपणा पाहायचा तो कडांवर. फोटो मोठा करून गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या पाहिल्या. कड तपकिरी, कागदासारखी आक्रसलेली दिसली की ते फूल शिळं किंवा हाताळणीत दबलेलं. जरबेराची मान वाकलेली असेल तर देठाला पाणी मिळालेलं नाही. स्टेजच्या पॅनेलमागे ओला फोम असतो. तो पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यायचा असतो. घाईत दाबून बुडवला तर आत कोरडाच राहतो आणि त्यातली फुलं दुपारपर्यंत माना टाकतात. एका डेकोरेटरच्या आहेराच्या फोटोत वरच्या ओळीतले सगळे जरबेरे खाली पाहत होते, सकाळच्या फोटोत तेच ताठ होते. पाकळ्यांवरच्या थेंबांना मात्र काही अर्थ नाही. फोटो काढण्याआधी पंप मारला की शिळ्या फुलावरही थेंब चमकतात.

रंगांच्या बाबतीत दिवेच घात करतात. पिवळ्या दिव्यात पांढरी शेवंती सायीसारखी दिसते, जांभळ्या दिव्यात गुलाबी गुलाब आणि लाल गुलाब एकच होऊन जातात. म्हणून फोटोत आधी काहीतरी नक्की पांढरं शोधायचं, भटजींचं धोतर किंवा स्टेजची चुना लावलेली भिंत. ते पिवळट दिसत असेल तर फुलांचे रंगही तेवढेच सरकलेले आहेत असं समजायचं. आमच्याकडे आणखी एक गोष्ट होती. मुहूर्ताला नवरी मामाने दिलेल्या पिवळ्या अष्टपुत्रीत बसणार. तिच्या पाठीशी सगळा पिवळा झेंडू आला तर ती त्यातच हरवते. म्हणून सोफ्यामागच्या मधल्या भागात पांढरी शेवंती, हिरवी पानं आणि थोडे लाल गुलाब, आणि केशरी-पिवळा झेंडू फक्त दोन्ही बाजूंना, अशी वाटणी दाखवणारे फोटो निवडले.

भरगच्चपणा मात्र मोजता येतो, आणि इथे सगळ्यात जास्त फसगत होते. दोन्ही डेकोरेटरांचे समोरून काढलेले झेंडूच्या माळांचे फोटो जवळपास सारखेच भरलेले दिसत होते, भावात मात्र दीडपटीचा फरक. दोघांजणांचा सोफा साधारण ५ फुटांचा असतो, तो माप म्हणून घेतला. दोन्ही फोटोंत स्टेजची रुंदी चार सोफ्यांची, म्हणजे २० फूट. मग टाचणीच्या टोकाने स्क्रीनवर एकेक माळ मोजली. स्वस्त कामात माळा ४०, म्हणजे दोन माळांत सहा इंच अंतर. महाग कामात ८०, म्हणजे तीन इंच. पुढे एक माळ धरून त्यातली फुलं मोजली. माळा सुमारे ५ फुटांच्या. स्वस्त कामातल्या माळेत २६ फुलं निघाली, मधे मधे आंब्याची पानं आणि मोकळा दोरा. महाग कामात ३८.

हिशेब केला तर एकीकडे १,०४० फुलं, दुसरीकडे ३,०४०. मोठं फूल साधारण १० ग्रॅमचं धरलं तर १० किलो आणि ३० किलो. दीडपट पैशांत जवळपास तिप्पट झेंडू येत होता. मग समोरून दोन्ही सारखे कसे दिसले? बाजूने काढलेला फोटो पाहिल्यावर उलगडा झाला. स्वस्त कामात माळांमागे केशरी कापड ताणलेलं होतं. समोरून फटीतूनही केशरीच दिसतं, म्हणून डोळा फसतो. त्यामुळे मागचं कापड पांढरं किंवा हिरवं असलेलाच फोटो मोजायला घ्यावा, नाहीतर बाजूचा मागावा.

वरमालांचे फोटो वेगळ्या नजरेने पाहावे लागले. टेबलावर पसरलेला हार नेहमीच जाड दिसतो, कारण फुलं दबून आडवी पसरतात. हुकाला किंवा हाताला लटकवलेला हार मागितला. त्यात दोन फुलांमधून दोरा डोकावतो का ते लगेच कळतं. गुलाबाच्या पाकळ्यांचा हार फोटोत सगळ्यात देखणा, पण आपल्या उन्हात पाकळ्या आक्रसतात आणि दोन तासांत मधला दोरा उघडा पडतो. म्हणून अख्ख्या गुलाबांचा आणि निशिगंधाचा हार घेतला. निशिगंधात हारासाठी एकेरी पाकळीचा वाण वापरतात, दुहेरी दांडीसकट फुलदाणीत जातो. फोटोत कळ्या मिटलेल्या, टोकाला हिरवट-गुलाबी छटा असेल तर माल ताजा. सगळ्या उमललेल्या आणि कडा पिवळसर झालेल्या असतील तर आदल्या दिवशीच ओवलेला. अष्टपुत्रीवर पिवळ्या शेवंतीचा हार दिसतच नाही, त्यामुळे तो प्रश्न आधीच मिटला होता. वजनाचाही विचार केला, कारण जाड हार गळ्यात पडला की नवरी मान खाली घालून उभी राहते आणि फोटोत ते लाजणं वाटतं.

शेवटी महाग कामवाल्या डेकोरेटरला ठरवताना त्याच्या “फोटोसारखं करू” या शब्दांवर विसंबलो नाही. त्याच फोटोची प्रिंट काढून तिच्यावर पेनने लिहून घेतलं: माळा ८०, प्रत्येकीत ३८ फुलं, मागे पांढरं कापड, फोम भिजवून लावायचा, वरमाला पहाटे ओवायच्या आणि ओल्या सुती कापडात गुंडाळून आणायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, कारण बंद पिशवीत उष्णतेने फुलं वाफाळून काळी पडतात. खाली त्याची सही.

लग्नात दुपारी अडीच वाजता, आहेर चालू असताना, स्टेजचा बाजूने एक फोटो काढून ठेवला. दोन-चार जरबेरे वाकले होते, झेंडूच्या माळांत फट नव्हती. तोच डेकोरेटर पुढे आमच्या लग्नाचा फोटो नव्या गिऱ्हाइकांना दाखवू लागला, पण समोरून काढलेला, जांभळ्या दिव्यांतला.