सलूनची गिफ्ट व्हाउचरं काढली, पहिला लॉट फसला

माझं छोटं सलून आहे. गिफ्ट व्हाउचर काढायचं ठरलं तेव्हा मी सगळं डोकं जाड कागद न सोनेरी बॉर्डरमध्ये घातलं आणि नंबर मात्र ००१ ते १०० असे सरळ छापून घेतले. महिनाअखेरीला हिशोब बघते तर ०६४ नंबर वापरलेला, आणि विकलेली व्हाउचरं जेमतेम ०४१ पर्यंत!

झालं काय होतं की गिऱ्हाईकाने कॅश दिली, काउंटरवरच्या मुलाने ती खिशात टाकली आणि बिलाला कोऱ्या गठ्ठ्यातलं एक व्हाउचर लावलं. गल्ला अगदी बरोबर जुळतो हो, कारण बिल व्हाउचरने भागलं असंच दिसतं, त्यामुळे रोज गल्ला मोजून हे कधीच सापडलं नसतं, वापरलेले नंबर विकलेल्या नंबरांशी लावले तेव्हाच सापडलं.

दुसऱ्या लॉटला कोड उलटसुलट घेतले, ८ अक्षरांचे, त्यात शून्य आणि O दोन्ही टाळले (फोनवर ऐकताना फार घोळ होतो). मुख्य म्हणजे विक्रीचं बिल झाल्याशिवाय कोड चालूच होत नाही, आणि तो चालू करायचं काम माझ्याकडे, काउंटरकडे नाही. शीटमध्ये कोड, विक्रीचा बिल नंबर, शेवटची तारीख, शिल्लक आणि कुठल्या बिलाला लागला एवढंच. १००० चं व्हाउचर, काम ७०० चं, तर शिल्लक ३०० त्याच कोडवर राहते, रोख परत नाही.

कोड तपासायचा तो खुर्चीत बसवायच्या आधी. हे मी ठेच लागून शिकले, एकीने मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर व्हाउचरचा फोटो पाठवलेला, दोघी आल्या, दुसरीचा हेअर स्पा झाल्यावर कळलं की शिल्लक शून्य. केस धुऊन झालेल्या बाईला काय सांगणार, सोडून दिले पैसे.

मुदतीचा घोळ वेगळाच. "६ महिने वैध" छापलं होतं पण कधीपासून ते लिहिलंच नव्हतं, लोक गिफ्ट मिळाल्या दिवसापासून मोजायचे. आता विकताना शेवटची तारीखच पेनाने लिहितो. आणि शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम उगवतात, स्लॉट नसतो न भांडण होतं, म्हणून तारखेच्या आत अपॉइंटमेंट घेतली असेल तर नंतर आलं तरी चालतं, हे मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात टाकलं.

आता दर सोमवारी चालू केलेली एकूण रक्कम वजा वापरलेली वजा मुदत संपलेली काढते आणि शिल्लकच्या बेरजेशी लावते. दोन आठवड्यांपूर्वी १५० चा फरक आला, धाकधूक झाली, पण एक बिल कॅन्सल करून शिल्लक परत टाकायची राहिली होती.