नाव खोडलं तरी माणूस ओळखू येतो: कर्जाच्या सर्वेक्षणात माहितीची राखण कशी आखली

बचत गटातल्या बायकांनी कुणाकडून, किती आणि कशासाठी कर्ज घेतलं, याचं सर्वेक्षण होतं. १६ गावं आणि प्रत्येक गावात ३० जणी, म्हणजे ४८० मुलाखती. बँक, पतसंस्था, मायक्रोफायनान्स यांच्याबरोबर सावकाराचं कर्जही विचारायचं होतं आणि खरी जोखीम तिथेच होती. घरात ठाऊक नसलेलं कर्ज आमच्या कागदांतून बाहेर फुटलं, तर त्याची झळ त्या बाईलाच बसणार. म्हणून पहिल्या मुलाखतीआधीचे दोन आठवडे फक्त या आखणीला दिले.

सुरुवात सर्व्हरपासून न करता प्रश्नावलीपासून केली. प्रत्येक प्रश्नाची एक ओळ असा तक्ता केला आणि पुढे तीन रकाने ठेवले: हे उत्तर अहवालात कुठे लागणार, ते कोण बघणार आणि कधी पुसणार. पहिला रकाना रिकामा राहिला की प्रश्न बाद. ‘दुबार नोंद टाळायला’ म्हणून घातलेले आधारचे शेवटचे चार अंक असे गेले, घराचा फोटो गेला, जन्मतारखेच्या जागी नुसतं वय आलं. घराचे अक्षांश-रेखांशही काढले. पाचव्या दशांशापर्यंतचा आकडा साधारण एका मीटरपर्यंत जागा दाखवतो, म्हणजे थेट उंबऱ्यापर्यंत नेतो. आम्हाला गावापलीकडे काही नको होतं आणि गाव तर यादीतून निवडता येतं.

मग नाव आणि उत्तरं वेगळी केली. टॅबलेटवरच्या फॉर्ममध्ये फक्त एक सांकेतिक क्रमांक, तर नाव आणि मोबाइल दुसऱ्या यादीत. हा क्रमांक कसा बनवायचा, यात पहिली चूक झाली. मोबाइल क्रमांकाचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने निघणारी ठरावीक लांबीची खूण, काढून तोच वापरायचं ठरलं होतं, कारण हॅश उलटा फिरवता येत नाही. पण तो उलटा फिरवायची गरजच नसते. आपले मोबाइल क्रमांक दहा अंकी असतात आणि ६ ते ९ पासून सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. साध्या ग्राफिक्स कार्डावरसुद्धा त्या सगळ्यांचे हॅश काही मिनिटांत काढून जुळवता येतात. गाव क्रमांक आणि घर क्रमांक जोडून केलेला कोडही तितकाच कच्चा, कारण घरांची यादी हातात असली की तो वाचता येतो. शेवटी संगणकाकडून यादृच्छिक कोड काढून घेतले. कोड आणि नाव जोडणारी यादी एकाच ठिकाणी, पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये ठेवली. तिचा ताबा क्षेत्र समन्वयकाकडे होता. आकडेवारी करणाऱ्याला ती उघडता येत नव्हती.

तरी एक भोक राहिलंच होतं. मुलाखतकार ताईंच्या पिशवीत नावांचा कागद आणि टॅबलेट एकत्रच असणार. पिशवी एसटीत राहिली तर वेगळं ठेवून काय उपयोग? म्हणून कागदावर फक्त त्या दिवसाची सहा नावं द्यायची आणि संध्याकाळी तो परत घ्यायचा, असा नियम केला. फॉर्म जमा होतात त्या ओडीके सेंट्रल या सर्व्हरवर एन्क्रिप्शन सुरू केलं, म्हणजे उत्तरं कुलूपबंद होऊन येतात. टॅबलेटवर ‘पाठवल्यावर पुसा’ हा पर्यायही चालू ठेवला. एन्क्रिप्शनला किंमत आहे: अंतिम केलेला फॉर्म ताईंना टॅबलेटवर पुन्हा उघडून दुरुस्त करता येत नाही आणि ते कुलूप उघडणारा पासफ्रेज हरवला तर सगळी उत्तरं कायमची गेली. तो दोन सीलबंद पाकिटांत, दोन वेगळ्या कपाटांत ठेवला.

चाचणीच्या दिवशी मात्र गळती तिसऱ्याच वाटेने झाली. एका ताईंना एक प्रश्न अडला, तेव्हा त्यांनी स्क्रीनचा फोटो पर्यवेक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. फोटोत कर्जाची रक्कमही होती आणि मागे दारात उभी असलेली बाईसुद्धा. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या गॅलरीत तो आपोआप उतरला. तेव्हापासून शंका फोनवर विचारायची आणि तीही फक्त कोड व प्रश्नक्रमांक सांगून.

संमतीच्या मजकुरावर सर्वांत जास्त वेळ गेला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सूचना, संमती, सुरक्षा यांच्या मुख्य अटी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संशोधन आणि सांख्यिकीला कायद्यात सूट आहे, पण ती मिळायला ठरलेल्या मानकांप्रमाणे काम करावं लागतं आणि त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेता येत नाही. ‘यातूनच पुढे गरजू बायका निवडू’ असं कुणी बैठकीत म्हणालं की ही सूट हातातून जाते. आम्ही ती निवड वेगळ्या अर्जाने करायचं लिहून घेतलं. मग अर्ध्या पानाची सूचना मराठीत केली: काय विचारणार, कशासाठी, कोण बघणार, केव्हापर्यंत ठेवणार, नको असेल तर कुठे फोन करायचा, तक्रार कुठे करायची. एक वाक्य मुद्दाम घातलं: ‘३१ मार्चपर्यंत सांगितलंत तर तुमची उत्तरं काढून टाकू, त्यानंतर कोणती उत्तरं तुमची, हे आम्हालाही कळणार नाही.’ जोडणारी यादी नष्ट झाल्यावर माघारीचा हक्क पाळणं शक्यच नसतं, तेव्हा ते आधीच सांगायला हवं. शिवाय सासूबाई किंवा नवरा शेजारी बसले असतील तर कर्जाचा भाग विचारायचा नाही, दुसऱ्या दिवशी जायचं. यामुळे कामाचे काही दिवस वाढतात. ते वेळापत्रकात आधीच धरले.

उत्तरांच्या फाइलमध्ये नाव नव्हतं, तरी ती बाहेर देण्याजोगी नव्हती. एक ओळ बघा: वय ४३, विधवा, अंगणवाडी सेविका, सावकाराचे ६०,००० बाकी. छोट्या गावात एखाद-दोनच अंगणवाड्या असतात. गावाचं नाव शेजारी असेल तर ही ओळ कुणाची, हे चहाच्या टपरीवरही सांगतील. म्हणून फाइल देण्याआधी कोणत्या जोड्या विरळ आहेत ते मोजलं:

```python
k = ["village", "age_band", "marital", "occupation"]
n = df.groupby(k, dropna=False)["code"].transform("size")
print((n < 5).sum())
```

पाचपेक्षा कमी जणींच्या गटात पडणाऱ्या ओळी अर्ध्याहून जास्त निघाल्या. गावात तिसच जणी आणि चार रकाने, तेव्हा हे होणारच. मग गावाऐवजी चार-चार गावांचे गट केले, वय दहा वर्षांच्या टप्प्यात आणलं, व्यवसाय चार प्रकारांत बसवला. तरीही उरलेल्या ओळींत व्यवसाय रिकामा ठेवला आणि पुन्हा मोजलं. या मोजणीलाही मर्यादा आहे. गटातल्या पाचही जणींवर सावकाराचं कर्ज असेल, तर कोण कोणती हे न कळताही प्रत्येकीचं गुपित फुटतं. असे गट हाताने शोधून आणखी मोठे केले.

पुसण्याची तारीखही आखणीतच होती. पडताळणीसाठी दहा टक्के, म्हणजे ४८ जणींना दोन आठवड्यांत फोन करायचे होते. ते झाले की मोबाइलचा रकाना गेला. जोडणारी यादी १ एप्रिलला गेली. पण ड्राइव्हवरून पुसलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, ईमेलला जोडलेली प्रत ‘पाठवलेले’मध्ये राहते, लॅपटॉपच्या ‘डाउनलोड’मध्ये तिसरी प्रत सापडते. तक्त्यात प्रत्येक प्रतीची वेगळी ओळ होती. समन्वयकांनी एकेक जागा उघडून पाहिली, रिकामी दिसल्यावरच त्या ओळीपुढे सही केली. शेवटची सही रोजच्या नावांच्या कागदांची होती. ते ८० कागद होते, मोजून फाडले.