आत्याचा वाढदिवस कधी?

दुपारी भिंतीवरचं कॅलेंडर उलटताना ऑगस्टात बोट थांबलं. यंदा नागपंचमी १७ तारखेला, म्हणजे आत्याचा वाढदिवस १७ला. गेल्या वर्षी तो २९ जुलैला होता.

आत्या १९४९ची, श्रावण शुद्ध पंचमीची. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, तळायचं नाही, त्यामुळे तिच्या नशिबी केक कधी आलाच नाही. पुरणाची दिंडं उकडायची, वर तुपाची धार, आणि औक्षण. लहानपणी मला वाटायचं, नागोबाच तिचा वाढदिवस ओढत नेतो.

तारखा पाहा: २०२२ला २ ऑगस्ट, २०२३ला २१, २०२४ला ९, मग २९ जुलै. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत आटोपतात, म्हणून वाढदिवस दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकतो. असाच सरकत राहिला असता, तर नागपंचमी उन्हाळ्यात आली असती. पण एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सूर्याने रास बदललीच नाही, की तो महिना अधिक ठरतो आणि पुढचं सगळं एकदम एकोणीसएक दिवस पुढे जातं. २०२३ला श्रावणच दोन आले. पहिल्यात पंचमी आली तेव्हा मी आत्याला फोन केला. "अरे, तो धोंडा! माझा श्रावण अजून यायचाय," म्हणाली. वाढदिवस निज श्रावणातच.

क्षय तिथीचा घोळ मात्र काकांचा. सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची. समजा, सूर्य सव्वासहाला उगवला, अष्टमी साडेसहाला लागली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचलाच संपली. तिला एकही सूर्योदय मिळाला नाही, म्हणून ती क्षय. कॅलेंडरात सप्तमीनंतर थेट नवमी. एका वर्षी काका चौकटी मोजत बसले आणि "या वर्षी मी मोठा झालोच नाही" असं जाहीर करून मोकळे झाले. खरं तर अष्टमी त्या सप्तमीच्या पोटातच होती. काकूने त्याच दिवशी ओवाळलं.

दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख जवळजवळ पुन्हा जुळतात, एखादा दिवस इकडेतिकडे. गेल्या वर्षी आत्या शहात्तर, म्हणजे चार एकोणीस झाली. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"माझी जन्मतारीख १ जून आहे," ती म्हणाली. "गुरुजींनी लिहिलेली. पेन्शन त्यावरच मिळते."

यंदा १ जून अधिक ज्येष्ठात येतोय. हे तिला अजून सांगितलेलं नाही.