आमची वाटचाल: थकलेल्या बिलाचे पत्र

शिवाजी उद्यमनगरातल्या भाड्याच्या गाळ्यात एक लेथ आणि एक जुने मिलिंग मशीन घेऊन आम्ही दोघा भावांनी जिग्ज आणि फिक्श्चर बनवायला सुरुवात केली आणि पुढे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड उभी केली. या काळात आम्हाला काम कधी फारसे शोधावे लागले नाही, कारण कोल्हापूरच्या फौंड्र्यांत ओतलेले कास्टिंग मशीनवर घट्ट आणि नेमके धरण्यासाठी कोणाला ना कोणाला फिक्श्चर लागतेच. दमवले ते वसुलीने. म्हणून वाटचालीतला हा एकच प्रसंग येथे सविस्तर लिहीत आहे.

पुण्याजवळच्या एका पंप उत्पादकाला आम्ही तीन फिक्श्चर करून दिले होते. बिलाची तारीख 12 जून 2024, रक्कम जीएसटीसह 3,18,600 रुपये. माल 14 जूनला त्यांच्या स्टोअरमध्ये पोहोचला, चाचणीचे तुकडे तपासणीत उतरले आणि स्टोअरने माल स्वीकारल्याची नोंद करून तिचा क्रमांक आम्हाला कळवला. ऑर्डरवर मुदत 45 दिवसांची होती, म्हणजे पैसे 29 जुलैपर्यंत यायला हवे होते. बिलातले 48,600 रुपये जीएसटीचे होते आणि ते आम्ही जूनच्या विवरणपत्राबरोबर 20 जुलैला सरकारजमा केले. ग्राहकाची मुदत संपण्याआधीच त्याच्या वतीने कर भरून आम्ही मोकळे झालो होतो.

आमचे हिशेब वहिनी पाहतात. मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी ग्राहकाच्या लेखा विभागाला एक छोटा ईमेल पाठवायचा, असा त्यांचा शिरस्ता आहे. त्यात पैशांची मागणी नसते. बिल नोंदवले गेले आहे का आणि काही कागद कमी आहे का, एवढीच विचारणा असते. निम्मी बिले अडतात ती यामुळेच: ऑर्डरमधला दर आणि बिलातला दर जुळत नाही, किंवा बिल खरेदी विभागाच्या टेबलावरच पडून राहते. या वेळी उत्तर आले की बिल नोंदवले आहे, अडचण काही नाही. हे एका ओळीचे उत्तर पुढे फार कामाला आले.

त्यानंतर नेहमीची कारणे सुरू झाली. आधी साहेब बाहेरगावी होते, मग चेक सहीला गेला होता, मग त्यांचेच पैसे वरून आले नव्हते. गणपती झाल्यावर बघू, असे सांगितले गेले आणि गणपती झाल्यावर दसरा पुढे आला. फोनवर कोणी उद्धट बोलत नव्हते, उलट प्रत्येक जण गोड बोलत होता, आणि अशा वेळी आवाज चढवायला जागाच उरत नाही. वहिनींनी मात्र प्रत्येक फोननंतर त्याच संध्याकाळी ईमेल केला: ‘आज आपण दूरध्वनीवर सांगितल्याप्रमाणे सदर रक्कम 31 ऑगस्टपर्यंत मिळेल, अशी आम्ही नोंद घेतली आहे.’ त्यावर कोणी हरकत घेतली नाही. तोंडी वायद्यांना अशा रीतीने तारखा चिकटत गेल्या.

दसरा उलटल्यावर, 14 ऑक्टोबरला, आम्ही पत्र लिहिले. ते खरेदी अधिकाऱ्याला न लिहिता लेखाप्रमुखांना लिहिले आणि प्रत संचालकांना दिली, कारण खरेदी अधिकारी माल मागवतो, पैसे सोडण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. पत्र असे होते:

‘स. न. वि. वि.
आमच्या दि. 12 जून 2024 च्या बिलापोटी 3,18,600 रुपये येणे आहे. माल 14 जून रोजी आपणांस मिळाला असून त्याबाबत आपली कोणतीही लेखी तक्रार नाही, तसेच बिल नोंदवल्याचे आपण कळवले आहे. ठरलेली मुदत 29 जुलै रोजी संपली. त्यानंतर आपण दिलेल्या तारखांचे ईमेल सोबत जोडले आहेत.
आमची संस्था उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 अन्वये 45 दिवसांपुढील विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. तसेच बिलाच्या तारखेपासून 180 दिवस, म्हणजे 9 डिसेंबरपर्यंत, रक्कम न दिल्यास आपण घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट आपणांस व्याजासह परत करावे लागेल, याकडे लक्ष वेधतो.
कृपया पूर्ण रक्कम 25 ऑक्टोबरपर्यंत द्यावी किंवा हप्त्यांच्या तारखा त्याच दिवसापर्यंत लेखी कळवाव्यात. त्याप्रमाणे रक्कम मिळाल्यास आम्ही व्याजाची मागणी करणार नाही. तसे न झाल्यास सुविधा परिषदेकडे अर्ज करणे आम्हाला भाग पडेल. आपल्याशी असलेला व्यवहार पुढेही चालू राहावा, अशी आमची इच्छा आहे.’

या मजकुरातल्या काही गोष्टी मुद्दाम केल्या होत्या. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो मिळाल्याच्या दिवशीच स्वीकारला असे कायदा मानतो. त्यामुळे मालाबद्दल नंतर काढलेली कुरबूर मुदत पुढे ढकलण्यास पुरत नाही, आणि ती वाट पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात बंद केली. व्याजाचा आकडा लिहिला नाही. तेव्हा बँक दर 6.75 टक्के होता, तिप्पट म्हणजे 20.25 टक्के, आणि आमच्या बिलावर पहिल्या महिन्याचेच सुमारे 5,376 रुपये होत होते. परंतु आकडा लिहिला की चर्चा मूळ रकमेवरून व्याजावर सरकते, असा आमचा अनुभव आहे. 180 दिवसांचा मुद्दा मात्र लेखाप्रमुखाला लगेच कळतो, कारण त्याचा भार त्याच्याच विवरणपत्रावर पडतो.

प्राप्तिकराचे 43बी(एच) आम्ही पत्रात आणले नाही. या तरतुदीनुसार लघुउद्योगाचे मुदतीबाहेर थकलेले पैसे खरेदीदाराला प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्चात धरता येतात. पण फिक्श्चर पुष्कळदा भांडवली खात्यात जाते आणि मग तो धाक लागू होत नाही. लागू न होणारा कायदा पत्रात घातला, तर लागू होणाऱ्याचेही वजन जाते. लघुउद्योगांच्या थकबाकीचे तंटे सोडवणाऱ्या सुविधा परिषदेचा उल्लेखही एकाच वाक्यात ठेवला. अर्ज तेव्हा समाधान पोर्टलवर करता येत असे, आधी समेटाचा प्रयत्न आणि मग लवाद असा क्रम आहे आणि 90 दिवसांत निकाल द्यावा असे कायद्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त जातो, हे ग्राहकालाही ठाऊक असते. शिवाय उद्यम नोंदणी माल देण्यापूर्वीची असावी लागते. ती उशिरा करून मागच्या बिलांना हे संरक्षण मिळत नाही.

उत्तर चार दिवसांत आले. दीड लाख 25 ऑक्टोबरला आणि उरलेले 1,68,600 रुपये 30 नोव्हेंबरला, असे त्यांनी लेखी कळवले. येणे लेखी मान्य झाले, हा त्यातला मोठा फायदा होता, कारण दाव्याची तीन वर्षांची मुदत अशा सहीच्या कबुलीपासून नव्याने मोजली जाते. पहिला हप्ता वेळेवर आला आणि कामगारांचा दिवाळी बोनस ओव्हरड्राफ्टला हात न लावता देता आला. दुसरा 30 तारखेला आला नाही. 2 डिसेंबरला वहिनींनी त्यांचेच पत्र जोडून दोन ओळींचा ईमेल केला, त्यात 9 डिसेंबरची आठवण पुन्हा दिली, आणि दुसऱ्या दिवशी पैसे खात्यावर आले. तीन दिवसांच्या उशिरामुळे व्याज मागण्याचा हक्क आमच्याकडे परत आला होता, पण आम्ही ते मागितले नाही. भावाला हे पटले नव्हते, अजूनही पटलेले नाही.

फेब्रुवारीत त्याच कंपनीने आणखी दोन फिक्श्चरांसाठी कोटेशन मागवले. आम्ही निम्मी रक्कम ऑर्डरबरोबर आणि उरलेली आमच्या शेडमधील चाचणीनंतर, माल निघण्यापूर्वी, अशी अट घातली. खरेदी अधिकाऱ्यांनी फोनवर थोडी नाराजी दाखवली आणि आठवड्याने आगाऊ रकमेसह ऑर्डर पाठवली.