बॅटन आत होती का बाहेर, एवढंच बघायचं होतं

चार दिवस झाले तरी ती रेस डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. मी शाळेत पीटीचा शिक्षक आणि गेली १४ वर्षं कोल्हापुरात ॲथलेटिक्सच्या स्पर्धांना पंच म्हणून उभा राहतो. आपल्याकडं फुटबॉल म्हटलं की स्टेडियम भरतं, कुस्तीला तर बोलायलाच नको, पण रिलेत पंच नेमकं काय बघतो हे शाळेतल्या निम्म्या सरांनाही माहीत नसतं, हे माझं स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी मुलींची ४ बाय १०० ची फायनल होती. माझी ड्युटी तिसऱ्या झोनला, म्हणजे शेवटच्या वळणावर, जिथं तिसरी मुलगी चौथीला बॅटन देते. हा झोन ३० मीटरचा असतो. पूर्वी २० मीटरचा होता आणि त्याच्या मागं १० मीटर नुसता वेग घ्यायला मिळायचे, २०१७ च्या शेवटी नियम बदलला आणि ते १० मीटरही झोनमध्येच धरले. म्हणजे घेणारीनं झोनच्या आतच उभं राहायचं, आतूनच पळायला सुरुवात करायची आणि बॅटनची अदलाबदल त्या ३० मीटरमध्ये पूर्ण झाली पाहिजे. नियम पाय बघत नाही, डोकं बघत नाही, फक्त बॅटन बघतो. घेणारी मुलगी शेवटच्या रेघेच्या पुढं गेली असली तरी तिचा हात मागं असतो, त्या हातात बॅटन रेघेच्या आत पडली आणि देणारीनं सोडली तर ते बरोबरच. उलट दोघींचे पाय आत आणि बॅटन बाहेर असं होऊच शकत नाही, पण प्रेक्षकातनं तसंच ओरडतात.

आणि 'अदलाबदल पूर्ण' म्हणजे काय, तर घेणारीचा हात बॅटनला लागला की ती सुरू होते आणि बॅटन फक्त तिच्या एकटीच्या हातात आली की संपते. मधला जो क्षण असतो, दोघींचे हात एकाच नळीवर, तोच आमचा सगळा धंदा. जेमतेम ३० सेंटीमीटरची पोकळ नळी, ती अख्खी आत पाहिजे, आणि शेवटची रेघ झोनमध्ये धरत नाहीत, झोन रेघेच्या अलीकडच्या कडेला संपतो. आमचा ट्रॅक मातीचा, रेघा फक्कीच्या, दुपारपर्यंत पोरांच्या पायांनी त्या फक्कीचा पार भुगा झालेला. मी रेसच्या आधी स्वतः डबा घेऊन पाचव्या आणि सहाव्या लेनच्या रेघा परत मारून घेतल्या, कारण पुसट रेघेवर एखाद्या पोरीची वर्षाची मेहनत बाद करणं मला जमत नाही.

पाचव्या लेनची टीम सगळ्यात भारी होती. सकाळच्या हीटमध्ये त्यांचा तिसरा एक्स्चेंज मी बघितला होता, झोनच्या मध्यातच सुरेख बसलेला. घेणारी मुलगी आपल्या मागं टाचेला पंजा लावून पावलं मोजते आणि तिथं मातीत बुटानं एक रेघ ओढते. येणारी त्या रेघेवर आली की हिनं मागं न बघता सुटायचं. ही खूण म्हणजे दोघींच्या वेगाचा हिशोब असतो. पाचव्या लेनच्या पोरीची खूण २० पावलांवर, तिच्या बुटाच्या मापानं पावणेपाच मीटरच्या आसपास.

पण हा हिशोब सकाळचा होता. तिसरी धावणारी पोरगी रिलेच्या २५ मिनिटं आधी ४०० मीटरची फायनल पळून आलेली. वेळापत्रक कुणी लावलं माहीत नाही, पण ज्यानं लावलं त्यानं आयुष्यात कधी ४०० पळलेलं नसणार. दमलेली पोरगी झोनमध्ये येताना सेकंदाला अर्धा मीटर जरी हळू पळाली तरी तीन सेकंदात दीड मीटर मागं राहते, आणि पुढची तर जुन्या खुणेवर सुटलेली. मग ती काय हाताला लागत नाही. अशा वेळी खूण तीन-चार पावलं जवळ घ्यायची, म्हणजे पुढची थोडी उशिरा सुटते.

मी लेनमध्ये पोरींना उभं करत होतो, झोन कुठून कुठपर्यंत हे एकेकीला दाखवत होतो, कारण ते पंचाचं कामच आहे. तेव्हा पाचव्या लेनची पोरगी हळूच म्हणाली, "सर, ती आत्ताच ४०० पळून आलीया. खूण जवळ घ्यू का?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "बाळा, ते तुझ्या सरांना विचारायचं. मी झोन दाखवू शकतो, खूण नाही सांगू शकत." तिचे सर पलीकडं गॅलरीत, त्यांना आत सोडत नाहीत. तिनं तिकडं बघितलं, सर कुणाशी तरी बोलत होते. तेवढ्यात शिट्टी झाली.

दोन एक्स्चेंज झाले तेव्हा पाचवी लेन दोन-तीन मीटर पुढं होती. मी वळणाच्या बाहेरून रेघेच्या बरोबर सरळीत गुडघ्यावर बसलो, कारण जरा जरी तिरकं बसलं तरी आत-बाहेर उलटं दिसतं. येणारीनं खुणेवर पाय टाकला, पुढची सुटली, एकदम झकास सुटली, आणि तिथंच मला कळलं. मधलं अंतर कमीच होईना. "हॅन्ड!" असा आवाज आला तेव्हा झोनचे पाच-सहा मीटर राहिलेले. डावा हात मागं आला, पहिल्यांदा हुकला, दुसऱ्यांदा पोचला. बॅटनला हात लागला तो रेघेच्या आत, हातभर आत, हे मी शपथेवर सांगतो. पण येणारीनं सोडलीच नाही. दोघी तशाच एक पाऊल पळाल्या, बॅटन रेघेवरनं पलीकडं गेली आणि मग सुटली.

मी पिवळा झेंडा वर केला. टीम पहिली आली होती. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या आणि मी फॉर्मवर लेन नंबर लिहीत होतो.

त्यांचे सर धावत आले, मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवत. "बघा की सर, हात आत लागलाय!" मी म्हटलं, "लागलाय, मी नाही कुठं म्हणतोय? सुटला कुठं ते बघा." व्हिडिओ गॅलरीतनं तिरका काढलेला, त्यात रेघच दिसत नव्हती. ते रेफरींकडं गेले, रेफरींनी मला विचारलं, मी हेच सांगितलं, निर्णय राहिला. पॅरिसला २०२४ मध्ये अमेरिकेच्या पुरुषांची टीम पहिल्याच एक्स्चेंजला झोनबाहेर जाऊन बाद झाली, तिथं काय कमी सराव होता का.

येणारी पोरगी रडत म्हणाली, "गेल्या आठवड्यात सरावाला माझ्या हातनं बॅटन पडली, तेव्हा सर म्हणाले, ती ओढत नाही तोवर सोडायचीच नाही." तिनं सांगितलं तेच केलं. त्या सरांना मला एकच विचारायचं होतं, की मग झोन संपत आला तर काय करायचं हे का नाही सांगितलं? पण ती वेळ नव्हती.

सगळं आवरल्यावर मी झेंडे गोळा करायला परत तिसऱ्या झोनला गेलो. पाचव्या लेनमध्ये बुटानं ओढलेली ती खोल रेघ तशीच होती. त्याच्या अलीकडं, साधारण तीन पावलांवर, अजून एक रेघ होती, नुसती टोकानं ओढलेली, आणि पायानं पुसलेली.