फाट्यावरचा ढवळ्या-पवळ्या

वणीच्या एका वकिलांनी मोबाईलवर फोटो पाठवला. मारेगावच्या रस्त्यावर एका फाट्याजवळ लागलेलं कपाशीच्या बियाण्याचं होर्डिंग होतं. कोपऱ्यात दोन बैल शेजारीशेजारी बांधलेले, एक पांढराशुभ्र, एक तांबूस. मधोमध मोठ्या अक्षरांत ओळ: ‘वाणही लागला, गुणही लागला!’

त्यांच्या पक्षकाराचं पीक बुडालं होतं आणि प्रकरण दिल्लीला, राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे निघालं होतं. तिथे मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. आधी कुणीतरी करून दिलेल्या भाषांतरात ही ओळ ‘व्हरायटी मिळाली, क्वालिटीही मिळाली’ अशी झाली होती. वकीलसाहेबांचं म्हणणं, ‘क्वालिटी’च्या जागी ‘खात्रीशीर उत्पन्न’ टाका, म्हणजे मुद्दा ठसठशीत होईल.

मला ते पटलं नाही. आपल्याकडे शाळकरी पोरालाही म्हण ठाऊक असते, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’. तिथे वाण म्हणजे रंग आणि लागलेला गुण वाईट, संगतीचा. होर्डिंगवाल्याने ‘नाही पण’ काढून दोन्हीकडे ‘ही’ घातला आणि म्हण उलटी केली. आता वाण म्हणजे बियाण्याचा वाण, आणि गुण चांगला. ‘लागला’सुद्धा दुहेरी आहे: रोप जमिनीत लागतं आणि सवय माणसाला लागते. बैल काढले तर निम्मी गंमत जाते, म्हणून चित्राचाही उल्लेख भाषांतरात यायलाच हवा.

पहिल्यांदा हिंदीतली ‘खरबूजे को देखकर खरबूजा रंग बदलता है’ ही म्हण आठवली. संगतही आहे, रंगही आहे. पण तिथे रंग बदलतो, इथल्या मूळ म्हणीत नेमका रंगच बदलत नाही. शिवाय इंग्रजी वाचणाऱ्या सदस्यांसमोर कपाशीच्या जाहिरातीत खरबूज कशाला आणायचं? इंग्रजीत संगतीच्या गुणाची पटकन आठवणारी म्हण कुत्र्यांची, त्यांच्याशेजारी झोपलं की पिसवा लागतात अशी. तशी ओळ ठेवली असती, तर कंपनीने शेतकऱ्याच्या शेजाऱ्यालाच शिवी दिली असं वाटलं असतं.

फोटोत खालची पट्टी कापली गेली होती, म्हणून मी स्वतः फाट्यावर गेलो. होर्डिंगचा खालचा भाग टपरीच्या ताडपत्रीआड गेला होता. ती वर केल्यावर बारीक अक्षरं दिसली: ‘एकरी १५ क्विंटल, बघा आणि मग बोला’. कोरडवाहू कपाशीला हा आकडा फारच मोठा आहे. टपरीवर बसलेल्या एका काकांना मी विचारलं, वरच्या ओळीचा अर्थ तुम्ही काय घेता? ते म्हणाले, “अजी, शेजारच्यानं लावलं का आपनबी लावाव, असं सांगून राह्यला तो. धुऱ्यापलीकडचं पाहूनच लावते ना मानूस.” “अन् खालचं?” “ते तं म्या आजच वाचलं, भाऊ.”

माझं काम तिथेच सोपं झालं. वरची ओळ शेजाऱ्याकडे बघून बी घ्यायला लावते. ती उत्पन्नाचं वचन देत नाही. वचन खालच्या ओळीत आहे, आणि त्या ओळीत एकही शाब्दिक कोटी नाही. दोन्ही ओळी एकत्र कालवल्या, तर कंपनीचा वकील पहिल्याच दिवशी म्हणीकडे बोट दाखवून सगळंच अलंकारिक ठरवून मोकळा होईल.

त्या रात्री मजकूर तयार केला. आधी होर्डिंगवरची अक्षरं जशीच्या तशी देवनागरीत, मग शब्दशः अर्थ, मग आशयाची ओळ. ‘गुण लागणे’साठी इंग्रजीत ‘रब ऑफ’ बसलं, कारण तेही संगतीनंच होतं. ‘वाण’मधला रंग मात्र इंग्रजीत उतरणं शक्य नव्हतं, तो टिपेत गेला. टीप चौकोनी कंसात, ‘भाषांतरकाराची’ असं लिहून, म्हणजे ती होर्डिंगचा मजकूर म्हणून कुणी वाचणार नाही. टिपेत मूळ म्हण, वाणाचे दोन अर्थ, उलटवलेला गुण, बैलांचं चित्र, आणि एक वाक्य: या ओळीत उत्पन्नाचा आकडा वा हमी नाही. खालच्या ओळीला टीप दिलीच नाही. ती साधी आहे, तशीच साधी उतरवली.

वकीलसाहेब ते शेवटचं वाक्य पाहून नाराज झाले. “हे आपल्याच विरोधात नाही का?” मी म्हटलं, हे वाक्य गाळलं तर मी भाषांतरावर सही करणार नाही, आणि तुमचा १५ क्विंटलचा मुद्दा याच वाक्यामुळे वेगळा उभा राहतो. त्यांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या, आणि पक्षकाराला फोन लावून सांगितलं की उद्या फाट्यावर जा, ताडपत्री वर करून खालच्या पट्टीसकट नवा फोटो काढ, होर्डिंग उतरायच्या आत.